सारे रकाने एका पानाच्या रुंदीत : एक्सेलची यादी पीडीएफ करताना

वसतिगृहातील विद्यार्थ्यांची यादी आपल्या कार्यालयातून वर्षभरात अनेकदा बाहेर जाते. कधी शिष्यवृत्तीसाठी, कधी बँकेसाठी, कधी आरोग्य तपासणीसाठी. पूर्वी ती कार्बन ठेवून हाताने लिहिली जाई, आता ती एक्सेलमध्ये तयार होते आणि पीडीएफ करून पाठवली जाते. काही वर्षांपूर्वी अशीच एक ११२ विद्यार्थ्यांची यादी आम्ही पाठवली. संगणकाच्या पडद्यावर ती अगदी नेटकी दिसत होती. एकाच ओळीत अनुक्रमांकापासून शेऱ्यापर्यंत चौदा रकाने होते. ज्या कार्यालयात ती गेली तेथे ती छापली, तेव्हा मात्र नऊ पाने निघाली. पहिल्या तीन पानांवर नावे, पुढच्या तीन पानांवर गाव व तालुका आणि शेवटच्या तीन पानांवर बँक व खाते क्रमांक. चाळिसाव्या विद्यार्थिनीचे नाव पहिल्या पानावर, तर तिचा खाते क्रमांक सातव्या पानावर होता. तेथील कर्मचाऱ्याने पाने शेजारी शेजारी मांडून माहिती पुन्हा संगणकात भरली. भरताना एका ठिकाणी नजर एका ओळीने खाली घसरली आणि दोन मुलींच्या रकमा एकमेकींच्या खात्यात गेल्या. त्या निस्तरण्यासाठी अडीच महिने पत्रव्यवहार करावा लागला. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. नाव एका पानावर आणि खाते दुसऱ्या पानावर अशी यादी पाठवली होती ती आम्हीच.

त्या यादीची पीडीएफ पुढे आम्ही नीट करून घेतली. ती कशी केली, तेवढेच या लेखात सांगतो. आपले अनेक माजी विद्यार्थी आज शाळांत, ग्रामपंचायतींत, पतसंस्थांत याच कामात आहेत. त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा.

प्रथम असे का होते ते समजून घेतले पाहिजे. एक्सेलच्या पटाला मुळात पान नावाची गोष्ट ठाऊक नसते. तो उजवीकडे आणि खाली पसरत जाणारा एक अखंड तक्ता आहे. त्याला कागदावर उतरवण्याची वेळ आली की एक्सेल कागदाची रुंदी पाहते, समास वजा करते, आणि उरलेल्या जागेत डावीकडून जितके पूर्ण रकाने मावतील तितके बसवते. जो रकाना मावत नाही तो अर्धा कापला जात नाही. तो पुढच्या पट्टीत जातो. मग पहिली पट्टी वरपासून खालपर्यंत सर्व पानांवर छापून झाल्यावरच दुसऱ्या पट्टीकडे वळायचे, असा एक्सेलचा मूळ क्रम आहे. `Page Setup` या खिडकीतील `Sheet` या भागात तो `Down, then over` या शब्दांत लिहिलेला आढळेल. नावे पहिल्या पानावर आणि खाती सातव्या पानावर जाण्याचे कारण हेच.

आता आकड्यांत पाहू. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर उंच असतो. एक्सेलचे नेहमीचे समास डावीकडे व उजवीकडे प्रत्येकी ०.७ इंच, म्हणजे सुमारे १.८ सेंटिमीटर असतात. उभ्या पानावर मजकुराला उरतात १७.४ सेंटिमीटर. आमच्या यादीची एकूण रुंदी होती ४६ सेंटिमीटर. ही रुंदी मोजणे अवघड नाही. `View` मधील `Page Layout` हे दृश्य निवडले की रकान्यांची रुंदी अक्षरांच्या हिशेबात न दिसता सेंटिमीटर किंवा इंचात दिसू लागते. एकेक आकडा कागदावर उतरवून बेरीज करावी. आमच्याकडे सर्वांत रुंद रकाना विद्यार्थ्याच्या पूर्ण नावाचा, ७ सेंटिमीटर. त्याखालोखाल बँकेचे नाव व शाखा, ६ सेंटिमीटर. आणि खाते क्रमांक ४.४ सेंटिमीटर. ४६ सेंटिमीटरचा तक्ता १७.४ सेंटिमीटरच्या जागेत ठेवायचा तर तीन पट्ट्या होणारच. प्रत्येक पट्टीच्या ११२ ओळींना तीन पाने, एकूण नऊ.

यावरचा उपाय एक्सेलमध्येच आहे आणि तो एका ओळीत सांगता येतो. `Page Layout` या फितीवर `Scale to Fit` नावाचा गट आहे. त्यात `Width` पुढे `1 page` निवडावे आणि `Height` पुढे `Automatic` तसेच राहू द्यावे. एवढ्याने एक्सेल सर्व रकाने एका पानाच्या रुंदीत मावतील इतका तक्ता लहान करते, आणि ओळींना मात्र लागतील तितकी पाने देते. हीच गोष्ट `File` मधील `Print` येथे जाऊनही होते. तेथे सर्वांत खाली `No Scaling` असे लिहिलेले असते. त्यावर टिचकी मारल्यास `Fit All Columns on One Page` हा पर्याय मिळतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात.

त्याच यादीत त्याच्या वरच्या ओळीवर `Fit Sheet on One Page` असाही पर्याय असतो, आणि घाईत अनेकांचा हात त्यावर पडतो. त्याने रुंदी व उंची दोन्ही एका पानात कोंबली जातात. पंधरा ओळींच्या तक्त्याला ते चालेल. ११२ विद्यार्थ्यांच्या यादीला चालणार नाही. `Page Setup` च्या खिडकीतून काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तेथे `Fit to` निवडल्यावर `1 page(s) wide by 1 tall` असे दोन आकडे दिसतात. पहिला १ ठेवायचा, दुसऱ्या चौकटीतील १ पुसून ती चौकट कोरी सोडायची. तेथे शून्य किंवा मोठा आकडा घालण्याची गरज नाही. कोरी म्हणजे ‘लागतील तितकी पाने’.

येथे बहुतेक जण थांबतात. आम्हीही प्रथम थांबलो होतो. सारे रकाने एका पानावर आले, आनंद झाला, आणि छापील पान हातात घेतल्यावर कळले की त्यावरील नावे वाचण्यास भिंग हवे. कारण उघड आहे. ४६ सेंटिमीटर १७.४ मध्ये बसवायचे तर तक्ता मूळच्या सुमारे ३७ टक्के इतका होतो. अक्षर ११ पॉइंटचे असेल तर कागदावर ते ४ पॉइंटचे उतरते. इंग्रजी मजकूर एखादा वेळ इतक्या लहान अक्षरांत ओळखता येईल, पण देवनागरीत अक्षराच्या वर व खाली मात्रा, रफार, अनुस्वार, उकार असतात. अक्षर लहान झाले की प्रथम हीच चिन्हे नाहीशी होतात. ‘सावंत’चा अनुस्वार गेला की ‘सावत’ होते, आणि देवनागरी आकड्यांत १ व ९ यांतील फरक एका छोट्या गाठीवर अवलंबून असतो. माझे मत असे की देवनागरी यादी कागदावर ८ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नये, आणि ९ पॉइंट मिळाले तर उत्तम. एक्सेल याबाबत काहीही सूचना देत नाही. त्याला एका पानात बसवा म्हटले की ते बसवते. वाचता येईल की नाही हा प्रश्न आपला.

म्हणून `1 page` हे बटण शेवटी दाबायचे, त्याआधी तक्ता आणि कागद एकमेकांच्या जवळ आणायचे. आधी कागदाकडे पाहू. `Orientation` मध्ये `Landscape` निवडून पान आडवे केले की रुंदी २९.७ सेंटिमीटर होते. `Margins` मध्ये `Narrow` निवडले की बाजूचे समास पाव इंचावर, म्हणजे ०.६४ सेंटिमीटरवर येतात. मजकुराला २८.४ सेंटिमीटर जागा मिळते. ४६ ला २८.४ ने बसवायचे तर प्रमाण ६१ टक्के होते आणि ११ पॉइंटचे अक्षर ६.७ पॉइंटवर येते. ३७ टक्क्यांपेक्षा हे पुष्कळच बरे, तरी पुरेसे नाही. पाव इंचाच्या समासात फाईलला लावण्यासाठी छिद्रे पाडली तर डावीकडचा अनुक्रमांक छिद्रात जातो. फाईलला लागणारी यादी असेल तर डावा समास वेगळा करून १.५ सेंटिमीटर ठेवावा व हिशेब त्याप्रमाणे करावा.

कागदाचा आकार तपासणे अनेकदा राहून जाते. पुष्कळ संगणकांवर `Size` मध्ये `Letter` हा अमेरिकेत चालणारा आकार आपोआप निवडलेला असतो. तो आडवा केल्यावर २७.९ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे ए-४ पेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर कमी. शिवाय अशी पीडीएफ ए-४ कागदावर छापताना आणखी गोंधळ होतो. तेव्हा तेथे `A4` निवडलेले आहे याची खात्री करावी. कोणी सुचवतात की मग ए-३ च का निवडू नये, पीडीएफला कागद थोडाच लागतो? सूचना फसवी आहे. समोरच्या कार्यालयात बहुधा ए-४ चाच छपाई यंत्र असतो. ए-३ ची पीडीएफ त्यावर छापली की ती सुमारे ७१ टक्क्यांवर आणली जाते आणि आपण वाचवलेले अक्षर तेथे पुन्हा लहान होते. लीगल कागद मात्र अजूनही अनेक शासकीय कार्यालयांत असतो. त्याची लांबी १४ इंच, म्हणजे ३५.६ सेंटिमीटर. पलीकडे तो कागद आहे असे विचारून समजले असेल तर तो निवडण्यास हरकत नाही.

कागदाने जेवढे दिले तेवढे घेऊन झाल्यावर तक्त्याकडे वळावे. खरी बचत येथे होते. आमच्या यादीतील ‘इयत्ता’ या रकान्यात एकच आकडा होता, पण रकाना १.८ सेंटिमीटर रुंद होता. ‘अनुक्रमांक’ हा शब्द लांब म्हणून त्याखालील तीन अंकी संख्येला १.७ सेंटिमीटर दिलेले. शीर्षक लांब आणि मजकूर आखूड, हे जुन्या छापील नमुन्यांतून आलेले वळण आहे. `Home` फितीवरील `Wrap Text` हे बटण दाबले की शीर्षक दोन-तीन ओळींत मोडते आणि रकाना मजकुराच्या मापाचा करता येतो. अनुक्रमांक १ सेंटिमीटरवर आला, इयत्ताही १ वर, नोंदणी क्रमांक २ वरून १.५ वर, प्रवर्ग २.५ वरून १.८ वर. पूर्ण नावाच्या रकान्यालाही हेच बटण लावून तो ७ वरून ५.५ केला, बँक व शाखेचा ६ वरून ४, गावाचा ३.२ वरून २.६ आणि तालुक्याचा ३.२ वरून २.५. लांब नाव दोन ओळींत गेले तरी वाचणाऱ्याची अडचण होत नाही.

मग दोन रकाने असे निघाले की त्यांचे तेथे कामच नव्हते. सर्व विद्यार्थी एकाच जिल्ह्यातील होते. जिल्ह्याचे नाव ११२ वेळा लिहिण्याऐवजी ते यादीच्या मथळ्यात एकदा लिहिले. शेऱ्याचा रकाना कोराच होता. हे रकाने पुसून टाकले नाहीत, कारण मूळ यादीत ते हवे होते. रकान्याच्या वरील अक्षरावर उजवी टिचकी मारून `Hide` केले. लपवलेला रकाना पीडीएफमध्ये येत नाही आणि रुंदीच्या हिशेबातही धरला जात नाही. हे दोन रकाने मिळून ५.२ सेंटिमीटर वाचले.

अशी एकूण १२.७ सेंटिमीटर बचत झाली व तक्ता ३३.३ सेंटिमीटरवर आला. २८.४ ला ३३.३ ने भागले तर ८५ टक्के येतात. ११ पॉइंटचे अक्षर आता कागदावर ९.३ पॉइंटचे उतरणार होते. त्यानंतरच `Width` मध्ये `1 page` निवडले. नावे दोन ओळींत मोडल्याने प्रत्येक पानावर साधारण अठरा विद्यार्थी बसले आणि पाने झाली सात. नऊ पानांत विखुरलेली माहिती सात पानांत आली, आणि प्रत्येक ओळ संपूर्ण. उलट बाजूचीही एक मर्यादा येथे सांगून ठेवतो : हा पर्याय तक्ता लहान करतो, मोठा करीत नाही. तक्ता पानापेक्षा अरुंद असेल तर तो पानभर ताणला जाणार नाही. तेथे रकानेच रुंद करावे लागतात.

पान एकापेक्षा अधिक झाले की दुसऱ्या पानापासून रकान्यांची शीर्षके दिसेनाशी होतात. `Page Layout` मधील `Print Titles` या बटणावर जाऊन `Rows to repeat at top` या चौकटीत शीर्षकांची ओळ द्यावी. आमच्या यादीत पहिल्या तीन ओळी संस्थेचे नाव, यादीचे नाव व वर्ष यांच्या होत्या आणि रकान्यांची शीर्षके चौथ्या ओळीत. सर्व चारही ओळी प्रत्येक पानावर आणण्याचे कारण नाही, म्हणून फक्त चौथी दिली :

```
$4:$4
```

ही खिडकी छपाईच्या दृश्यातून उघडल्यास ती चौकट मलूल दिसते व त्यात काही लिहिता येत नाही. तेव्हा संगणक बिघडला असे समजू नये. परत येऊन `Page Layout` फितीवरूनच ती उघडावी. त्याच खिडकीतील `Header/Footer` या भागात तळाशी पान क्रमांक व एकूण पाने येतील अशी व्यवस्था करता येते. सातपैकी एखादे पान गहाळ झाले तर ते त्यावरूनच कळते, म्हणून ती जरूर करावी.

आता पीडीएफ करणे. `File`, `Export`, `Create PDF/XPS Document` आणि मग `Create PDF/XPS` अशी वाट आहे. `Save As` मध्ये फाईलचा प्रकार `PDF` निवडूनही तेच होते. जी खिडकी उघडते तीत `Options` नावाचे छोटे बटण असते. त्यात `Active sheet(s)` निवडलेले असावे. आपण चुकून काही चौकटी निवडून `Selection` घेतले तर तेवढ्याच चौकटी पीडीएफमध्ये जातात. एकाच फाईलमध्ये प्रत्येक इयत्तेचा वेगळा पट असेल आणि सर्व एकत्र हवे असतील तर `Entire workbook` घ्यावे. मात्र पानाची मांडणी ही प्रत्येक पटाची स्वतंत्र असते. एका पटावर `1 page` केले म्हणून दुसऱ्यावर होत नाही. एका इयत्तेची यादी नेटकी आणि पुढच्या इयत्तेची पुन्हा तीन पट्ट्यांत, असे आमच्याकडे एकदा झाले. सर्व पटांना एकदम मांडणी लावायची तर खालच्या पहिल्या पटाच्या नावावर टिचकी मारून, `Shift` दाबून ठेवून शेवटच्या पटावर टिचकी मारावी आणि मग `Width` निवडावे. काम होताच कोणत्याही एका पटाच्या नावावर उजवी टिचकी मारून `Ungroup Sheets` करावे. ते विसरले तर पुढे एका पटात टंकलेले नाव सर्व पटांत त्याच जागी उमटते आणि तेथे आधी असलेले नाव पुसले जाते. शीर्षकांची ओळ मात्र अशी एकदम देता येत नाही, ती एकेका पटावर द्यावी लागते.

कधी कधी सर्व काही योग्य करूनही तक्ता पानाच्या डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढा दिसतो आणि उजवीकडे पांढरी जागा उरते. त्याचे कारण बहुधा दूर उजवीकडे राहून गेलेले काहीतरी असते : कोणी तरी बेरीज करून पाहिलेला आकडा, किंवा रेषा आखताना ओढली गेलेली चौकट. एक्सेलच्या दृष्टीने तोही तक्त्याचाच भाग असतो, आणि तेथपर्यंतचे सर्व रकाने ते एका पानात बसवू पाहते. `Ctrl` व `End` एकत्र दाबावे. निर्देशक आपल्या शेवटच्या रकान्यापलीकडे गेला तर शोध लागला. ते रकाने पूर्ण निवडून `Delete` करावेत व फाईल जतन करावी. नाहीतर आपली यादी तेवढी निवडून `Print Area` मधील `Set Print Area` दाबावे. मग त्याबाहेरचे काही पीडीएफमध्ये येत नाही. या दुसऱ्या उपायात एक धोका आहे. पुढील वर्षी यादीच्या खाली वीस नावे वाढवली आणि मुद्रणक्षेत्र तेच राहिले, तर ती वीस नावे पीडीएफमधून गुपचूप वगळली जातात. मी म्हणून शक्यतो पहिला उपाय करतो.

याहून बारकाईने पाहावा लागतो तो खाते क्रमांकाचा रकाना. वर बचत करताना मी त्याला हात लावला नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. रकाना अरुंद झाल्यावर एक्सेल संख्येशी एक प्रकारे वागते आणि मजकुराशी दुसऱ्या प्रकारे. संख्या मावली नाही तर तेथे `####` अशी चिन्हे येतात. पडद्यावर काठोकाठ बसलेली संख्या पीडीएफमध्ये चिन्हे होऊन येते असेही घडते, कारण पडद्यावरील व कागदावरील अक्षरांच्या रुंदीत किंचित फरक असतो. हे दिसते, म्हणून दुरुस्त होते. पण खाते क्रमांक संख्या म्हणून लिहिणे मुळातच चुकीचे आहे. एक्सेल संख्येचे पंधराच अंक नेमके ठेवते, सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये भरते. आणि क्रमांकाच्या आरंभी शून्य असेल तर तेही गाळते. त्यामुळे तो रकाना आधी `Text` या प्रकाराचा करून मगच क्रमांक टंकावेत. आधी टंकून नंतर प्रकार बदलला तर गेलेले अंक परत येत नाहीत. आता हा क्रमांक मजकूर झाला, आणि मजकूर मावला नाही तर `####` येत नाही. शेजारच्या चौकटीत काही लिहिलेले असल्यास तो तेथेच, कोणतीही खूण न ठेवता, कापला जातो. सतरा अंकांचा क्रमांक पंधरा अंकांचा दिसतो आणि वाचणाऱ्याला संशयही येत नाही. म्हणून या रकान्याच्या उजव्या कडेवर दोनदा टिचकी मारून तो आपोआप बेतून घ्यावा आणि वर आणखी थोडी रुंदी सोडावी. बचत करायची ती नावाच्या, बँकेच्या, गावाच्या रकान्यात.

दोन ओळींत मोडलेल्या नावांचेही असेच होऊ शकते. ओळीची उंची पुरी नसेल तर दुसरी ओळ, म्हणजे बहुधा आडनाव, अर्धी कापली जाते. सर्व ओळी निवडून `Home` मधील `Format` खाली `AutoFit Row Height` दिल्यास उंची पुरेशी होते. जोडलेल्या चौकटींना हे लागू पडत नाही. त्यांची उंची हातानेच वाढवावी लागते. देवनागरी फॉन्टमध्ये वरची वेलांटी व खालचा उकार यांना जागा अधिक लागते, म्हणून आपोआप ठरलेल्या उंचीत मी दोन-तीन पॉइंट आणखी घालतो.

तयार झालेली पीडीएफ उघडून मी तीन ठिकाणे पाहतो. पहिल्या पानाचा उजवा काठ : शेवटचा रकाना तेथे आहे की नाही. मग मधले कोणतेही एक पान : शीर्षके आली आहेत की नाहीत, आणि त्या पानावरील सर्वांत लांब नाव व सर्वांत लांब खाते क्रमांक मूळ यादीशी अंक मोजून जुळतात की नाहीत. शेवटी अखेरचे पान : तेथे ११२ वा अनुक्रमांक आहे की नाही. त्यानंतर एकच पान कागदावर छापून घेतो. छापताना पीडीएफच्या खिडकीत `Actual size` निवडतो, म्हणजे जे प्रमाण आपण ठरवले तेच कागदावर उतरते. ते पान कार्यालयातील ज्याला चष्मा लागतो त्याच्या हातात द्यावे. आमच्याकडे तो मान माझाच आहे.

दुसऱ्या संगणकावर पुन्हा पीडीएफ करण्याची वेळ आली तर ही तपासणीही पुन्हा करावी. त्या संगणकाला जोडलेला छपाई यंत्र आणि त्यावरील फॉन्ट वेगळे असतील तर तीच एक्सेल फाईल थोड्या वेगळ्या मापाने उतरते. एकदा तयार झालेली पीडीएफ मात्र कोठेही उघडली तरी तिची मांडणी तशीच राहते, कारण फॉन्ट सहसा तिच्यातच साठवलेला असतो. म्हणून आता आम्ही बँकेला पाठवलेल्या प्रत्येक यादीची पीडीएफ मूळ एक्सेल फाईलशेजारी, त्याच नावाने व तारखेने ठेवतो. कोणी विचारले तर नवी न करता तीच पुन्हा पाठवतो.